क्रिप्टो एक्स्चेंजवरचं खातं गोठवलं गेलं तर आढाव्यात नेमकं काय तपासतात आणि कागद कसे लावायचे

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो, आयटीत नोकरी करतो. ८ मार्च २०२५ ला माझ्या मोबाइल वॉलेटमधून क्रिप्टो एक्स्चेंजवर ४,२०० यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेली नाणी, पाठवली, ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवरून. ११ तारखेला नवीन फोन घेतला, ई-सिम केलं. ओटीपी येईना म्हणून ईमेलवरून पासवर्ड बदलला. १२ तारखेला सकाळी ३,९०० यूएसडीटी नव्या हार्डवेअर वॉलेटवर काढायला गेलो आणि खातं गोठलं. लॉगिन होतं, शिल्लक दिसते, पण काढता येत नाही. ‘सुरक्षा आढावा सुरू आहे’ एवढंच लिहिलंय आणि सेल्फी व्हिडिओ, निधीचा स्रोत, वॉलेटची मालकी, समोरच्या व्यक्तीचा तपशील असं मागणारा फॉर्म आलाय. ३,६०० यूएसडीटी माझ्या पगारातून दुसऱ्या एक्स्चेंजवर घेतलेले आहेत, ६०० मात्र फेब्रुवारीत टेलिग्रामवरच्या ओळखीच्या माणसाकडून यूपीआयने ५४,००० देऊन घेतले. काय पाठवू? पोलिसांकडे जावं लागेल का?

उत्तर:

तुमच्या खात्यावर एक नाही, दोन वेगवेगळ्या शंका आल्या आहेत, आणि फॉर्ममधल्या चार मागण्या त्या दोन शंकांमध्ये विभागलेल्या आहेत. पहिली शंका: ही रक्कम काढणारा माणूस तुम्हीच आहात का? दुसरी: ही रक्कम कुठून आली? सेल्फी व्हिडिओ पहिल्या शंकेसाठी आहे, उरलेल्या तिन्ही मागण्या दुसऱ्यासाठी. लोक बहुतेक वेळा इथेच गोंधळतात. पहिल्या शंकेला उत्तर म्हणून बँकेचे उतारे पाठवतात आणि दुसऱ्या शंकेला उत्तर म्हणून पुन्हा आधार-पॅनचे फोटो. मग आढावा जागच्या जागी राहतो.

पहिली शंका कशी आली ते तुमच्या तारखांवरून स्पष्ट दिसतं. सिम बदललं की दूरसंचार कंपन्या पहिले चोवीस तास त्या क्रमांकावर एसएमएस बंद ठेवतात. सिम-स्वॅप करून खाती लुटणाऱ्यांना अडवण्यासाठीच ही सोय आहे, त्यामुळे ओटीपी न येणं साहजिक होतं. पण एक्स्चेंजच्या यंत्रणेला त्यामागचं कारण दिसत नाही. तिला दिसतं ते असं: नवं उपकरण, एसएमएस टाळून ईमेलवरून बदललेला पासवर्ड, दुसऱ्याच दिवशी आधी कधीही न वापरलेला पत्ता, आणि त्यावर जवळजवळ सगळी शिल्लक. खातं चोरणारा माणूस याच क्रमाने वागतो. यात जर तुम्ही ऑफिसच्या लॅपटॉपवरून कंपनीचं व्हीपीएन सुरू असताना लॉगिन केलं असेल, तर आयपी पत्ता ऐरोलीचा न दिसता दुसऱ्याच देशाचा दिसलेला असू शकतो. आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे कारण वारंवार निघतं आणि त्यांच्या ते लक्षातही आलेलं नसतं. लॉगिनचा इतिहास उघडून तपासा. तसं असेल तर उत्तरात स्वतःहून लिहा.

कागद लावण्याआधी दहा मिनिटं एका गोष्टीसाठी काढा. हा संदेश खरंच तुमच्या एक्स्चेंजकडून आला आहे ना? ईमेलमधल्या दुव्यावर न जाता अ‍ॅप उघडा आणि तोच तिकीट क्रमांक अ‍ॅपच्या आत दिसतो का ते पाहा. खातं खुलं करण्यासाठी कुठलंही खरं एक्स्चेंज तुमच्याकडून आणखी क्रिप्टो, ‘पडताळणी ठेव’ किंवा आगाऊ कर मागत नाही. वॉलेट उघडणारी शब्दांची माळ, म्हणजे सीड फ्रेज, किंवा खासगी की तर कधीच नाही. अशी मागणी आली तर ती भामट्यांची आहे, किंवा एक्स्चेंजच बनावट आहे. टेलिग्रामवर आपलं गाऱ्हाणं मांडलं की अर्ध्या तासात ‘सपोर्ट’ म्हणवणारे संदेश येऊ लागतात, त्यांना उत्तर देऊ नका. एक्स्चेंज वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययू-इंडियाकडे नोंदलेलं आहे का, हेही बघून घ्या. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनंतर क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला. तुमच्याकडे आज जी माहिती मागितली जाते आहे तिचा कायदेशीर आधार तोच आहे.

पहिली शंका मिटवणं सोपं आहे. सेल्फी व्हिडिओ दिवसाच्या उजेडात, चष्मा-टोपी काढून, मूळ पॅनकार्ड हातात धरून करा. कागदावर तारीख, एक्स्चेंजचं नाव आणि तिकीट क्रमांक लिहायला सांगितलं असेल तर ते हाताने लिहा, छापू नका. फ्रंट कॅमेऱ्यात अक्षरं कधीकधी उलटी दिसतात, तेव्हा पाठवण्याआधी एकदा बघून घ्या. सोबत नव्या फोनचं बिल आणि सिम बदलाचा दूरसंचार कंपनीचा ईमेल किंवा पावती जोडा. कुणी मागितलेली नसते, पण ‘११ मार्चला ई-सिम केलं, चोवीस तास एसएमएस बंद होते, म्हणून ईमेलने पासवर्ड बदलला’ या एका वाक्याला ती पुरावा देते आणि तपासणाऱ्याला सगळा क्रम लागतो. पूर्वीचा फोन अजून हाताशी असेल तर तो विकू नका आणि फॅक्टरी रीसेटही करू नका. जुन्या उपकरणावरून पुष्टी द्या असं सांगितलं जाऊ शकतं.

आता दुसरी शंका. खरा वेळ हिच्यात जातो.

८ मार्चला तुमचे ४,२०० यूएसडीटी आले तेव्हा ते ज्या पत्त्यावरून आले त्याची तपासणी आपोआप झाली. चेनॅलिसिस, एलिप्टिक, टीआरएम लॅब्स अशा कंपन्यांचं सॉफ्टवेअर एक्स्चेंज वापरतात. ब्लॉकचेनवरचा प्रत्येक व्यवहार उघड असल्यामुळे हे सॉफ्टवेअर तुमच्या वॉलेटच्या मागे, त्याच्याही मागे असं पायरीपायरीने जातं आणि वाटेत फसवणुकीचे, हॅकिंगचे किंवा नाण्यांचा माग पुसणाऱ्या मिक्सरचे म्हणून नोंदलेले पत्ते लागतात का ते बघतं. असा पत्ता थेट तुम्हाला पाठवणारा असेल तर तो थेट संबंध. मध्ये दोन-चार वॉलेटं असतील तर अप्रत्यक्ष. थेट संबंध फार गंभीर मानला जातो. अप्रत्यक्ष संबंधात तपासणारा माणूस स्वतःची बुद्धी वापरतो, आणि तुमचे कागद तिथे कामी येतात.

तुमच्या वॉलेटमध्ये ३,६०० आणि ६०० एकत्र झाले. ट्रॉनवर यूएसडीटीची फक्त एकूण शिल्लक असते. नोटांवर असतो तसा क्रमांक तिथे नसतो, म्हणून ‘पाठवले ते पगारातले, टेलिग्रामवाले मागे ठेवले’ असं म्हणता येत नाही. तुम्ही तर सगळेच पाठवले आहेत. ६०० भागिले ४,२०० म्हणजे सुमारे १४ टक्के. त्या सहाशेंच्या मागे काही गडबड असेल, तर प्रमाणाने मोजणारं सॉफ्टवेअर तुमच्या सगळ्या ठेवीवर तेवढा डाग दाखवतं. काही पद्धती ‘आधी आलेलं आधी गेलं’ या हिशोबाने मोजतात आणि त्यात आकडा वेगळा येतो. तुमच्या एक्स्चेंजची पद्धत कोणती हे ते सांगणार नाहीत, आणि तुम्हाला ते कळायची गरजही नाही. तुम्हाला एवढंच दाखवायचं आहे की ३,६०० चा प्रवास पगारापासून एक्स्चेंजपर्यंत सलग आहे, आणि ६०० कुणाकडून, किती रुपयांना, कशासाठी घेतले हे तुम्ही काहीही न लपवता सांगता आहात.

आणखी एक गोष्ट तुमच्या विरुद्ध गेली आहे. रक्कम आली, चार दिवसांत एकही सौदा न करता जवळजवळ सगळी बाहेर निघाली. चोरीची नाणी पुढे सरकवणारे एक्स्चेंजचा असाच वापर करतात, मधल्या थांब्यासारखा. तुम्ही विकायच्या विचाराने पाठवले आणि मग बेत बदलून हार्डवेअर वॉलेट घेतलं असं असेल, तर ते तसंच, दोन ओळींत लिहा. हार्डवेअर वॉलेटच्या खरेदीचं बिल जोडा. बिलाची तारीख ८ ते १२ मार्चच्या मधली असेल तर तुमचं म्हणणं आपोआप पटतं.

कागदांची मांडणी

फाइल म्हणजे एक पानाचं पत्र आणि एक तक्ता. बाकी सगळे कागद त्या तक्त्याच्या ओळींना क्रमांकाने जोडलेले. पत्र इंग्रजीत लिहिलेलं बरं, कारण तपासणारी टीम महाराष्ट्राबाहेर बसलेली असू शकते.

तक्त्यात प्रत्येक हालचालीला एक ओळ द्या: तारीख आणि वेळ, कुठून, कुठे, रक्कम, बँकेचा किंवा ब्लॉकचेनचा संदर्भ, आणि पुराव्याचा क्रमांक. समजा ३,६०० ची खरेदी तुम्ही नऊ महिने दरमहा ३६,००० रुपयांनी केली आणि भाव साधारण ९० धरला, तर दरमहा ४०० यूएसडीटी, एकूण ३,२४,००० रुपये. प्रत्येक महिन्यासाठी दोन ओळी होतील. पहिली, बँकेतून जुन्या एक्स्चेंजला गेलेले ३६,०००. दुसरी, जुन्या एक्स्चेंजवर झालेली ४०० ची खरेदी. त्यानंतर जुन्या एक्स्चेंजमधून मोबाइल वॉलेटवर काढलेल्या रकमा, आणि शेवटी ८ मार्चचा व्यवहार. रुपयांची बेरीज बँकेच्या उताऱ्याशी आणि यूएसडीटीची बेरीज वॉलेटशी जुळली पाहिजे. काढताना जुन्या एक्स्चेंजने शुल्क कापलेलं असतं, म्हणून घेतलेले आणि वॉलेटवर पोचलेले यूएसडीटी यांत थोडा फरक दिसेल. तो फरक ‘शुल्क’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा. तपासणाऱ्याला फरक स्वतः शोधावा लागला तर तो प्रश्न विचारतो, आणि एका प्रश्नोत्तरात कधीकधी आठवडा जातो.

पुरावे तीन प्रकारचे लागतील. पहिला, पगाराचा: खरेदीच्या त्या नऊ महिन्यांच्या पगारपावत्या किंवा फॉर्म १६. दुसरा, बँकेचा उतारा, त्याच काळाचा, नेटबँकिंगमधून उतरवलेला मूळ पीडीएफ. स्क्रीनशॉट नको, कापलेली पानंही नकोत. पीडीएफला पासवर्ड असेल तर तो पत्रात लिहा, पण फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. तसं केल्यावर ती कधी आणि कशाने बदलली याची खूण फाइलमध्ये राहते आणि निष्पाप कागदावरही फेरफाराचा शेरा बसतो. महत्त्वाच्या ओळींवर खूण करायची असेल तर मूळ फाइल तशीच जोडा आणि खुणा केलेली प्रत वेगळी द्या. तिसरा, जुन्या एक्स्चेंजचा पूर्ण व्यवहार-अहवाल. अ‍ॅपच्या ‘रिपोर्ट’ विभागातून सीएसव्ही आणि पीडीएफ दोन्ही मिळतात. त्यासोबत अ‍ॅप उघडून, प्रोफाइलवरचं नाव दाखवून, मग काढलेल्या रकमांच्या यादीपर्यंत जाणारं मिनिटभराचं स्क्रीन रेकॉर्डिंग द्या. खातं तुमचंच आहे हे ते स्थिर चित्रापेक्षा चांगलं दाखवतं.

वॉलेटची मालकी दोन पत्त्यांसाठी सिद्ध करावी लागेल: ज्यावरून पाठवलं तो मोबाइल वॉलेटचा पत्ता, आणि जिथे काढायचं आहे तो हार्डवेअर वॉलेटचा. दोन मार्ग आहेत. पहिला, संदेशावर सही. वॉलेटमध्ये ती सोय असेल तर तिकीट क्रमांक आणि तारीख असलेला छोटा मजकूर त्या पत्त्याच्या कीने सही करता येतो, आणि की कुणालाही न दाखवता मालकी सिद्ध होते. मजकूर असा पुरतो:

```
I control this address.
Ticket: <तिकीट क्रमांक>
Date: 2025-03-14
```

दुसरा मार्ग म्हणजे एक्स्चेंज सांगेल तेवढी नेमकी किरकोळ रक्कम त्या पत्त्यावरून सांगितलेल्या पत्त्यावर पाठवणं. त्यांनी लेखी सांगितल्याशिवाय ते करू नका. आणि सांगितलंच तर लक्षात ठेवा, ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायला वॉलेटमध्ये शुल्कापुरतं थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, लागतं. तुम्ही सगळे यूएसडीटी पाठवून दिले आहेत, तेव्हा टीआरएक्सही उरलेलं नसू शकतं. टीआरएक्स स्वतःच्याच दुसऱ्या, नावावर असलेल्या खात्यातून आणा. कुणा मित्राच्या वॉलेटमधून आणलंत तर तक्त्यात आणखी एक अनोळखी पत्ता येतो.

आता ते ६००

इथे खोटं बोलण्याचा मोह होतो. ‘हेही एक्स्चेंजवरच घेतले’, ‘भावाने भेट दिले’ असं लिहिलं की ब्लॉकचेन लगेच उलट बोलते. सगळं खरं सांगा आणि जेवढा पुरावा आहे तेवढा जोडा. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, बँकेच्या उताऱ्यातली ५४,००० ची ओळ, पैसे ज्याला गेले त्याचं यूपीआयवर दिसणारं नाव, टेलिग्रामवरचा संवाद, आणि ६०० यूएसडीटी आल्याचा व्यवहार-हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा त्या व्यवहाराचा क्रमांक. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचा संवाद पुसू शकतो, म्हणून डेस्कटॉप अ‍ॅपमधून तो आजच एक्स्पोर्ट करून ठेवा. यूपीआयवरचं नाव आणि टेलिग्रामवरचा माणूस वेगळे निघाले, तर तेही लिहा. तपासणारा हीच गोष्ट सर्वांत आधी पडताळतो, कारण भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांची ती ओळखीची खूण आहे.

स्वतःही एकदा बघा. tronscan.org वर तो हॅश टाका, पाठवणाऱ्याचा पत्ता उघडा आणि त्याचे आधीचे व्यवहार पाहा. महिनोन्‌महिने हळूहळू भरणारं आणि रिकामं होणारं वॉलेट वेगळं दिसतं. दिवसभर अनेक पत्त्यांवरून रकमा येताहेत आणि तासाभरात पुढे जाताहेत असं दिसलं, तर तो माणूस दुसऱ्यांचा पैसा पुढे सरकवणारा होता असं समजा. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी स्वतः त्याचे पत्ते गोठवू शकते. पाठवणाऱ्याचा पत्ता तसा गोठलेला असेल तर ट्रॉनस्कॅनवर तुम्हाला अंदाज येतो, आणि मग पुढची तयारी वकिलासह करणं शहाणपणाचं.

अशा थेट खरेदीत जोखीम कुठल्या बाजूला असते हे नीट समजून घ्या. यूएसडीटी विकणाऱ्याच्या बँक खात्यात अनोळखी रुपये येतात, म्हणून फसवणुकीची तक्रार झाली की बँकेचा होल्ड त्याच्या खात्यावर बसतो. घेणाऱ्याकडे अनोळखी नाणी येतात, म्हणून त्याचं एक्स्चेंज खातं अडतं. तुम्ही घेणारे होतात, त्यामुळे तुमचं बँक खातं बहुधा चालू असेल. तरी नेटबँकिंगमध्ये ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ अशी रक्कम दिसते का ते तपासा, कारण त्याचं उत्तर तुमच्या शेवटच्या प्रश्नालाही लागू आहे.

कराचा भाग विसरू नका. तुमच्या फेब्रुवारी २०२५ च्या खरेदीला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १९४एस लागू होतं: एक्स्चेंजच्या बाहेर थेट माणसाकडून घेतलं तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदारासाठी मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. तुमचे ५४,००० त्याच्या वर जातात, म्हणजे ५४० रुपये. हा टीडीएस Form 26QE ने भरतात, आणि फेब्रुवारीतल्या कापणीसाठी मुदत ३० मार्च २०२५ ही आहे, म्हणजे तुमच्या हातात अजून दिवस आहेत. विकणाऱ्याचा पॅन लागतो. तो मागा आणि मागितल्याचा संवाद जपून ठेवा. तो द्यायला तयार असेल तर त्याची खरी ओळखही आपोआप फाइलमध्ये येते. टाळाटाळ करत असेल तर तीही माहितीच आहे, पत्रात लिहा. पूर्ण ५४,००० देऊन झाले असल्यामुळे ५४० खिशातून जातील, पण भरलेलं चलन फाइलला वजन देतं.

आढावा आतमध्ये कसा चालतो

तुम्ही चॅटवर बोलता तो सपोर्टचा माणूस निर्णय घेत नाही. बहुधा त्याला आढाव्याचा तपशील दिसतही नाही. ओळख-पडताळणी एक टीम करते, निधीचा स्रोत कम्प्लायन्सचा विश्लेषक बघतो, आणि त्याचं मत नकारार्थी असेल तर फाइल प्रिन्सिपल ऑफिसरकडे जाते. प्रत्येक नोंदलेल्या एक्स्चेंजला असा अधिकारी नेमावा लागतो. व्यवहार संशयास्पद आहे असं त्याचं मत झालं की सात कामकाजाच्या दिवसांच्या आत त्याला एफआययू-इंडियाकडे अहवाल पाठवावा लागतो, आणि असा अहवाल पाठवला हे ग्राहकाला सांगायला कायद्याने मनाई आहे. ‘कारण सांगता येणार नाही’ हे उत्तर त्यामुळे उर्मटपणातून आलेलं नसतं. त्यावर भांडण्यात काही मिळत नाही. अहवाल गेला म्हणजे गुन्हा दाखल झाला असंही नाही. ती फक्त माहिती असते.

वेळ किती? ओळखीचा भाग काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उरकतो. निधीच्या स्रोताला फाइल एकाच वेळी पूर्ण गेली तर एक-दोन आठवडे धरा, तुकड्यातुकड्याने गेली तर महिना-दीड महिना सहज लागतो. दर दोन दिवसांनी नवीन तिकीट उघडू नका. अनेक ठिकाणी दोन तिकिटं जोडली जातात आणि फाइल रांगेच्या शेवटी जाते. सगळी भर त्याच तिकिटावर घाला. या काळात खात्यात नवीन रक्कम पाठवू नका, व्हीपीएन बंद ठेवा, एकाच फोनवरून, घरच्या इंटरनेटवरून लॉगिन करा.

फाइल नाकारली जाते त्यातली बरीचशी कारणं किरकोळ असतात. पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि बँकेत फक्त आद्याक्षर. पत्ता जुन्या डोंबिवलीच्या घराचा आणि राहणं ऐरोलीत. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार किंवा वीजबिल आणि दोन ओळींचा खुलासा पुरतो. यापेक्षा गंभीर कारण म्हणजे एखाद्या महिन्याचे ३६,००० पत्नीच्या किंवा भावाच्या खात्यातून गेलेले असणं. एक्स्चेंज त्याला तिसऱ्या व्यक्तीचा पैसा मानतं. तसं असेल तर त्या व्यक्तीचं सही केलेलं पत्र, तिचा पॅन आणि तिच्या खात्याचा तेवढा उतारा आधीच जोडा.

पंधरा दिवस शांतता राहिली तर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये तक्रारीची पोच आणि निपटारा यांना मुदत ठरवलेली आहे, तिचा उल्लेख सौम्य शब्दांत करा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, क्रिप्टो एक्स्चेंज त्यांच्या कक्षेत येत नाहीत. महिना उलटूनही लेखी उत्तर नसेल तर ग्राहक आयोग हा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ठाणे जिल्ह्यातच. पण आढावा खरोखर चालू असताना आयोगात धावू नका. एक्स्चेंज कायद्याचं बंधन दाखवेल आणि तुमचे पैसे वकिलावर जातील.

पोलिसांबद्दल

तुमच्या खात्यावर आज जे आहे ते एक्स्चेंजचं स्वतःचं कुलूप दिसतं. पोलिसांचं असतं तर संदेशात बहुधा ‘तपास यंत्रणेच्या सूचनेनुसार’ अशा अर्थाचे शब्द असते आणि वॉलेट मालकीचा फॉर्म आला नसता, कारण मग निर्णय एक्स्चेंजच्या हातात नसतो. त्यामुळे आत्ता बेलापूरला आयुक्तालयात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जायचं कारण नाही. तुमची फसवणूक झालेली असती तर १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी लागली असती, इथे तसं काही झालेलं नाही.

मात्र त्या विक्रेत्याच्या मागे खरंच गुन्हा असेल तर पुढे पत्र येऊ शकतं, आणि ते नवी मुंबईचंच असेल असं नाही. ज्या राज्यातल्या माणसाची फसवणूक झाली तिथलं सायबर पोलीस ठाणं एक्स्चेंजला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली माहिती मागतं आणि कलम १०६ खाली रक्कम गोठवायला सांगतं. तसं झालं तर एक्स्चेंजकडून पत्राचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल लेखी मागून घ्या. आत्ता तयार केलेली फाइलच त्यांना पाठवायची. नवी मुंबईचे पोलीस दुसऱ्या ठाण्याने गोठवलेली रक्कम सोडवू शकत नाहीत. ती तपास अधिकाऱ्याच्या पत्राने सुटते, किंवा त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कलम ५०३ खाली अर्ज करून. त्या अर्जात तुमची बाजू सोपी होते, कारण वादाचा विषय फार तर ६०० यूएसडीटी आहेत आणि उरलेल्या ३,६०० चा हिशोब तयार आहे. तुम्हाला स्वतःला नोटीस आली तर तिच्यावरचं कलम वाचा. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. ३५(३) असेल तर संशयित म्हणून, आणि मग वकिलाशिवाय एकही ओळ लिहून देऊ नका.

निकाल चार प्रकारचे लागतात. खातं पूर्ण खुलं होतं. किंवा खुलं होतं पण फक्त रक्कम काढून खातं बंद करायला सांगतात. काही एक्स्चेंज वादातली रक्कम धरून बाकीची सोडतात, आणि तुमच्या बाबतीत ही शक्यता बरीच आहे, म्हणून पत्रातच पर्यायी विनंती लिहा: सहाशेंबद्दल आढावा सुरू ठेवून उरलेली शिल्लक सोडावी. चौथा निकाल म्हणजे आणखी माहितीची मागणी. त्यावर नवीन कहाणी न सांगता त्याच तक्त्यातल्या ओळींचा क्रमांक देऊन उत्तर द्या.

खुलं झाल्यावर लगेच ३,९०० काढू नका. हार्डवेअर वॉलेटचा पत्ता आधी व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे मंजूर पत्त्यांच्या यादीत, घाला, त्याचा प्रतीक्षाकाळ जाऊ द्या, दहा यूएसडीटी पाठवून ते पोचल्याचं ट्रॉनस्कॅनवर बघा, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी पाठवा. फाइल मात्र जपून ठेवा. एक्स्चेंजला या नोंदी किमान पाच वर्षं ठेवाव्या लागतात, आणि पुढच्या एखाद्या मोठ्या व्यवहाराला याच सहाशेंबद्दल पुन्हा विचारणा होऊ शकते.